लंबकाचा g आणि माझं ‘± ०.०२’

g = ९.६२ ± ०.०२ मीटर प्रति सेकंद वर्ग. रिपोर्टच्या शेवटी मी हे उत्तर चौकटीत लिहिलं आणि खाली कारण दिलं: ‘हवेचा रोध व मानवी चूक यांमुळे उत्तरात किंचित फरक आला.’ तपासणाऱ्या मॅडमनी चौकटीला हातही लावला नाही. फक्त विचारलं, “म्हणजे खरा g ९.६० आणि ९.६४ च्या मध्ये आहे, असं तुझं म्हणणं?” मी म्हटलं, नाही, खरा तर ९.८ च्या आसपास असतो. “मग ± ०.०२ कशाचं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही कुणाच्या रिपोर्टमध्ये ‘मानवी चूक’ वाचलं की माझेच कान गरम होतात.

प्रयोग कसा करायचा ते तुम्हाला माहीत आहे, सूत्रही माहीत आहे. त्यामुळे थेट एरर अ‍ॅनालिसिसकडे येते. माझ्या दोन चुका होत्या. पहिली जवळपास सगळेच करतात आणि ती लवकर सुधारते. दुसरीने माझे दोन आठवडे खाल्ले.

पहिली चूक स्टॉपवॉचची. त्यावर सेकंदाचा शंभरावा भाग दिसतो, म्हणून मी वेळेतली त्रुटी ०.०१ सेकंद धरली. दोरी ८० सेंमी, तिच्यातली त्रुटी १ मिमी. मग नेहमीचं सूत्र:

Δg/g = ΔL/L + 2ΔT/T

२० दोलनांना साधारण ३६ सेकंद लागत होते. त्यात ०.०१ सेकंद म्हणजे ०.०३ टक्के, दुप्पट केले तरी ०.०६. लांबीचे ०.१२ टक्के धरून एकूण ०.१८ टक्के, म्हणजेच ते ± ०.०२. गणित बरोबर, पण ते घड्याळाचं होतं. बटण दाबणाऱ्या अंगठ्याचा त्यात हिशोबच नव्हता.

अंगठ्याचा हिशोब कुठे दिसतो? आपल्याच वहीत. ८० सेंमीला २० दोलनांची माझी पाच वाचनं अशी होती: ३६.३१, ३६.१८, ३६.२७, ३६.१२, ३६.३५ सेकंद. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वाचनात ०.२३ सेकंदाचा फरक. घड्याळ शंभरावा भाग दाखवतं म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला, आणि वाचनं मात्र दहाव्या भागातच डळमळत होती. सरासरी ३६.२४६ (गणित करताना जादा अंक राहू द्या, शेवटच्या उत्तरात नको). प्रमाण विचलन सुमारे ०.०९ सेकंद. पाच वाचनांच्या सरासरीतली त्रुटी काढायला त्याला √५ ने भागायचं, की साधारण ०.०४ सेकंद येतात. वेळेचा वाटा ०.१२ टक्के, दुप्पट ०.२३.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘माणसाचा प्रतिसादकाल ०.२ सेकंद असतो, तो वजा करा’ असं कुणीतरी सांगतं आणि लोक खरंच वजा करतात. करू नका. सुरुवातीला बटण उशिरा दाबलं जातं तसंच शेवटीही, आणि दोन्हीकडचा सारखा उशीर आपोआप कटतो. उरतो तो दर वेळी थोडा बदलणारा भाग. तो वाचनांच्या विखुरण्यात आलेलाच आहे, वेगळा शोधायची गरज नाही. एवढं मात्र करा की घड्याळ गोळा टोकाला असताना नको, मधल्या बिंदूतून जाताना दाबा. टोकाला तो क्षणभर रेंगाळतो आणि नेमका क्षण सापडत नाही. मोजणीही ‘शून्य’पासून सुरू करा. ‘एक’ म्हणत घड्याळ चालू केलं आणि ‘वीस’ला थांबवलं तर दोलनं एकोणीसच होतात, आणि g दहा-अकरा टक्क्यांनी जास्त येतो.

सुधारलेलं उत्तर आलं ९.६२ ± ०.०३. त्रुटी सरळ बेरजेने काढा नाहीतर वर्गांच्या बेरजेच्या मुळाने, इथे दोन्हीकडे ०.०३ च येतं. मला वाटलं, सुटले. पण ९.८ अजूनही ०.१८ ने लांब, म्हणजे सांगितलेल्या त्रुटीच्या सहापट. पृथ्वीवर g विषुववृत्ताजवळ ९.७८ आणि ध्रुवांजवळ ९.८३ असतो. त्यामुळे ‘आमच्या ठिकाणचा g वेगळा’ हा बहाणाही चालत नाही.

आता ती दुसरी चूक. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

वाचनांचं विखुरणं लहान आणि उत्तर मात्र लांब, तर चूक यादृच्छिक नाही. ती दर वाचनात एकाच बाजूला ढकलणारी आहे. अशा वेळी आणखी पन्नास वाचनं घेतली तर तुम्ही चुकीच्या उत्तराबद्दल जास्त ठाम होता, एवढाच फायदा. मी घेतली होती पन्नास. अख्खी दुपार गेली.

मग लांबी बदलून पाहिली. ४०, ६०, ८० आणि १०० सेंमी. प्रत्येक लांबीवरून स्वतंत्र g काढला तेव्हा ९.४२, ९.५७, ९.६२, ९.६४ असे आकडे आले. मी भोळेपणाने चौघांची सरासरी काढली आणि पुढे गेले. तुम्ही असं करू नका, आधी आकड्यांकडे नीट बघा. ते विखुरलेले नाहीत, एका दिशेने चढत आहेत. दोरीच्या लांबीनुसार गुरुत्वाकर्षण बदलत नाही. म्हणजे लांबी लहान असताना जास्त बोचणारी आणि मोठी असताना कमी बोचणारी अशी काहीतरी ठरावीक भर मोजायची राहून गेली आहे. तीच सव्वा-दीड सेंमी ४० सेंमीत मोठा टक्का होते आणि १०० सेंमीत लहान. दोलनं मोजण्यात चूक असती तर चारही लांब्यांना g सारख्याच प्रमाणात बिघडला असता.

आता आलेख. आडव्या अक्षावर L, उभ्यावर T². माझे T² होते १.६७७, २.४७४, ३.२८४ आणि ४.०९७ सेकंद वर्ग. एका सीनियरने सांगितलं, “सूत्रात L शून्य तर T शून्य, म्हणून रेषा मूळबिंदूतूनच काढ.” मी काढली. त्या रेषेच्या चढावरून g आला ९.६०. पहिल्यापेक्षाही वाईट! आणि दोन आठवडे मी दोष स्टॉपवॉचला देत राहिले.

सूत्रातला L म्हणजे टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंतची लांबी. माझ्या वहीतला L दोरीचा होता, वरच्या चिमट्यापासून गोळ्याच्या हुकापर्यंत. या दोघांतला फरक d धरला, तर आलेखाचं समीकरण असं होतं:

T² = (4π²/g)(L + d)

वहीतला L शून्य झाला तरी d उरतोच. म्हणून ही रेषा मूळबिंदूतून जायलाच नको. ती उभ्या अक्षाला वर कुठेतरी छेदायला हवी, आणि तो छेद म्हणजे चढ गुणिले d. रेषा मूळबिंदूला बांधली की पुरावाच पुसला जातो. d ची चूक मग चढात शिरते आणि तिथून g मध्ये. रेषा मोकळी सोडली तर चढाला d शी देणंघेणं राहत नाही, कारण सगळ्या लांब्यांत सारखीच भर घातली तर बिंदू बाजूला सरकतात, रेषेचा कल बदलत नाही.

मोकळी रेषा बसवल्यावर चढ आला ४.०३५ आणि छेद ०.०५९ सेकंद वर्ग. 4π² ला ४.०३५ ने भागलं की g = ९.७८. तीच चार वाचनं, तीच दोरी, तेच घड्याळ. छेदाला चढाने भागलं तर ०.०१४६ मीटर, म्हणजे दीड सेंमीच्या आत-बाहेर. आलेखाच्या कागदावर १ सेकंद वर्गाला ४ सेंमी घेतले तर हा छेद जेमतेम अडीच मिलिमीटरचा. पेन्सिल घसरली असेल असं वाटावं इतका. म्हणून L चा अक्ष शून्यापासून सुरू करा, नाहीतर छेद दिसणारच नाही.

पण तो छेद नुसता योगायोग कशावरून नाही? छेदातली त्रुटीही काढायची. बिंदू रेषेपासून किती हटले आहेत त्यावरून ती येते, आणि बहुतेक स्प्रेडशीटमध्ये मिळते. माझ्याकडे ती ०.०१० होती. छेद तिच्या सहापट, म्हणजे खराच. ०.०५९ ऐवजी ०.००६ आला असता, तर मी त्यावर एक शब्दही लिहिला नसता. चढातल्या त्रुटीवरून उत्तर झालं ९.७८ ± ०.०३.

स्प्रेडशीटबद्दल माझं मत जरा कडवट आहे. ती वापराच, पण पहिल्यांदा रेषा हाताने काढा. जुन्या बॅचची भरलेली फाइल घेऊन त्यात आपले आकडे टाकणाऱ्यांना ‘मूळबिंदूतून’ ही खूण आधीच केलेली असते हे कळतच नाही. फाइल देणारा सीनियर मनाने चांगला असतो. ‘छेद किती आला?’ असं विचारणारा सीनियर मला अजून भेटलेला नाही.

‘हवेचा रोध’ लिहायचा असेल तर आकड्यासकट लिहा. धातूच्या गोळ्यावर हवेच्या उत्प्लावनाचा परिणाम टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. रोधामुळे झोका हळूहळू लहान होतो, पण आवर्तकाल जवळजवळ बदलत नाही. माझी तफावत पावणेदोन टक्क्यांची होती, हवेच्या डोक्यावर ती फोडणं अन्यायाचं. झोक्याच्या कोनाकडे मात्र लक्ष हवं. १० अंशांनी सोडलं तर g सुमारे ०.४ टक्के कमी येतो, ५ अंशांनी ०.१ टक्के. ही चूक आलेख पकडत नाही, कारण सगळीकडे सारखाच कोन ठेवला तर ती चढातच मिसळून जाते. छेदावर तिचा मागमूस राहत नाही. मोजपट्टीच ताणलेली किंवा चुकीची असेल तरी तेच.

रिपोर्ट पुन्हा लिहिताना मी ‘मानवी चूक’ खोडलं आणि तिथे तीन वाक्यं घातली: छेद इतका, त्यावरून लांबीत राहून गेलेली भर १.५ ± ०.२ सेंमी, आणि g चढावरून काढला आहे. मग व्हर्निअर घेऊन गोळा मोजला, जे पहिल्याच दिवशी करायचं होतं. व्यास २.२ सेंमी, म्हणजे त्रिज्या १.१. वरचा हुक ०.४.