गॅसच्या बटणांवरचा चिकट थर काढायचा, पण छापलेल्या खुणा न घालवता

गेल्या चतुर्थीच्या आधी घर साफ करताना मी शेगडीची बटणं हिरव्या घासणीने आणि खायच्या सोड्याने अशी घासली की चिकटपणा गेला आणि त्याबरोबर 'सिम'ची खूण पण गेली. काकी बघून म्हणाली, "अगो, घासूक कोणी सांगल्यान तुका, भिजवूक होया होतां."

तिचं बरोबर होतं. हा थर म्हणजे साधं तेल नसतं. बांगडे तळताना उडणारी तेलाची बारीक वाफ बटणावर बसते, त्यावर रव्या-पिठाची धूळ चिकटते आणि रोजच्या उष्णतेने आणि हवेने ते तेल हळूहळू सुकून डिंकासारखं होतं. सूर्यफूल, सोयाबीनचं तेल असं पटकन चिकट होतं, खोबरेल त्यामानाने कमी. बटणावरच्या खुणा मात्र बहुतेक वेळा नुसत्या शाईने छापलेल्या असतात, म्हणजे घासणी, सोडा, टूथपेस्ट यांनी खरवडून जातात आणि थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर यांनी विरघळून जातात. आधी नख फिरवून बघा, खूण खोल कोरलेली लागली तर टेन्शन नाही, सपाट लागली तर जपून.

सुरुवातीला रेग्युलेटर बंद करा आणि शेगडी पूर्ण गार होऊ द्या. बटण बंद स्थितीत ठेवून सरळ स्वतःकडे ओढा, पिळू नका. घट्ट बसलं असेल तर बटणाच्या मागून एक जाड दोरा किंवा नाडीचा तुकडा फिरवून दोन्ही टोकं धरून ओढलं की निघतं. आत छोटी लोखंडी क्लिप असते कधीकधी, ती सांडू नये म्हणून खाली ताट ठेवा. काही शेगड्यांची बटणं स्क्रूने बसवलेली असतात किंवा निघतच नाहीत, तिथे जोर करायचा नाही, जागेवरच पुसायची.

अर्धा लिटर कोमट पाणी, हात घालून सोसवेल इतकंच, त्यात एक चमचा भांड्यांचं लिक्विड. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं होतं. बटणं त्यात वीस मिनिटं ठेवून द्या आणि तोवर दुसरं काम करा. नंतर जुन्या बनियनचा मऊ कपडा त्याच पाण्यात बुडवून खुणेवर नुसता टेकवून ठेवा आणि हलक्या हाताने उचला, मागेपुढे घासायचं नाही. कपड्यावर काय आलं ते बघा. पिवळट-तपकिरी आलं तर मळ निघतोय, पण पांढरा, लाल किंवा काळा असा खुणेचाच रंग आला तर तिथेच थांबा, खुणेवरचा उरलेला मळ तसाच राहिला तरी चालेल. कडेच्या खाचांसाठी मऊ टूथब्रश, आणि ब्रश पोचत नाही तिथे माडाच्या हिराचं टोक.

माझ्याकडे कढईजवळचं बटण साबणाने सुटलंच नाही, कारण तिथला थर वर्षाचा जुना होता. त्यावर खोबरेलाचे दोन थेंब लावून पंधरा मिनिटं ठेवलं, तेलाने चिकट थर मऊ पडला, मग परत साबणाचं पाणी. दोन वेळा करावं लागलं, पण बाणाची खूण जशीच्या तशी राहिली.

बटण निघालं की खालचा दांडा दिसतो, तो फक्त पिळलेल्या कपड्याने पुसा. त्यात पाणी किंवा तेल घालू नका, आतल्या व्हॉल्व्हला स्वतःचं ग्रीस असतं, बटण जड फिरत असेल तर मेकॅनिकलाच बोलवा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत बटणं आपोआप सुकत नाहीत, म्हणून आतलं भोक कापडाची वात घालून कोरडं करा, नाहीतर क्लिप गंजते. परत बसवल्यावर सगळी बटणं बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा, वास आला तर लगेच बंद करायचं, खिडक्या उघडायच्या, विजेचं बटण दाबायचं नाही, आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन.

लायटरला हे भिजवणं अजिबात लागू नाही, तो पाण्यात बुडवला की आतली ठिणगीची यंत्रणा ओली होते. तोंड खाली धरून, चांगल्या पिळलेल्या साबणाच्या कपड्याने दांडा आणि मूठ पुसा, छापलेल्या नावावर इथेही टेकवून उचलायचं. तोंडाच्या भोकातली काजळी कोरड्या ब्रशने काढा. मग दिवसभर उन्हात ठेवा, पावसाळ्यात असेल तर पंख्याखाली. गॅसपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात दाबून बघा, ठिणगी भोकाच्या मधोमध पडली पाहिजे, नुसता टक आवाज आला आणि ठिणगी नाही तर बहुतेक वेळा तोंडात ओल किंवा मळ अजून आहे. (हे नुसत्या ठिणगीच्या लायटरसाठी, आत गॅस भरलेला असेल तर फक्त बाहेरून पुसा.)

आणि माझ्यासारखी खूण गेलीच असेल तर बटण काढून ते 'बंद' असताना वर येणाऱ्या टोकाला नेलपॉलिशचा एक ठिपका द्या आणि पूर्ण सुकल्यावरच शेगडीवर लावा. आमच्याकडच्या शेगडीत बटण दाबून डावीकडे फिरवलं की आधी मोठी ज्योत येते आणि तसंच पुढे फिरवलं की सिम, त्यामुळे काकीला खूण नसली तरी चालतं, पण पाहुण्यांनी दूध उतू घालवलंय.