औषधाच्या रिॲक्शनची केस रिपोर्ट लिहिताय? आराखड्यातच या चुका टाळा

दुर्मिळ रिॲक्शनचा पेशंट वॉर्डात आला की आठवडाभरात रेसिडेंट जर्नलसाठी आराखडा घेऊन येतो. भाषा सुधारता येते, संदर्भही शोधता येतात. पण घटनाक्रम आणि संशयितांची यादी कच्ची असली की पुढचं काही उभं राहत नाही. हे एका केसवरून बघू. डॅप्सोन हायपरसेन्सिटिव्हिटी सिंड्रोमची ही केस समजावण्यासाठी रचलेली आहे, पण असे पेशंट आपल्याकडे खरोखर येतात.

मल्टीबॅसिलरी कुष्ठरोगाचा पेशंट, वय चाळिशीच्या आत. एमडीटी सुरू केली: डॅप्सोन १०० मिग्रॅ रोज, क्लोफाझिमिन ५० मिग्रॅ रोज, आणि महिन्यातून एकदा आरोग्य सेवकासमोर रिफाम्पिसिन ६०० मिग्रॅ व क्लोफाझिमिन ३०० मिग्रॅ. २९व्या दिवशी दुसरं पाकीट सुरू. ३३व्या दिवशी ताप. ३५व्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि सेफिक्झिम दिलं. ३६व्या दिवशी अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज. ३८व्या दिवशी ॲडमिट: ताप ३९ सेल्सिअस, मानेत आणि काखेत गाठी, डोळे पिवळे, एएलटी ४१२.

पहिली चूक इथेच होते. आराखड्यात लिहिलेलं असतं: ‘एमडीटी सुरू केल्यावर ३८ दिवसांनी रिॲक्शन.’ ३८ हा ॲडमिशनचा दिवस आहे, रिॲक्शन ३३व्या दिवशी सुरू झाली. केस पेपरवर तारीख ॲडमिशनची असते म्हणून तीच उचलली जाते. पाच दिवसांच्या फरकाने काय बिघडतं? ३८ धरलं तर सेफिक्झिम रिॲक्शनच्या आधी येतं आणि सरळ संशयित ठरतं. ३३ धरलं तर ताप आधी आणि सेफिक्झिम नंतर, म्हणजे तापाचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. पुरळ मात्र सेफिक्झिमनंतर एका दिवसात आली, तेव्हा त्याला यादीतून गुपचूप काढूही नका. गाठी आणि लिव्हरचा सहभाग धरून अख्खं चित्र एका दिवसाच्या सेफिक्झिमने जुळत नाही, असं डिस्कशनमध्ये एका वाक्यात लिहा.

म्हणून आराखड्याची पहिली गोष्ट टाइमलाइनचा तक्ता. केस रिपोर्टसाठीच्या केअर गाइडलाइन्स २०१३ साली आल्या. त्यांच्या १३ मुद्द्यांच्या यादीत टाइमलाइन हा स्वतंत्र मुद्दा आहे. तक्त्यात प्रत्येक औषधाचा पहिला आणि शेवटचा दिवस हवा, बाहेरून घेतलेल्या गोळ्यांसकट. पेशंटला ‘आणखी काही औषध घेतलं का?’ असं विचारलं की उत्तर बहुतेकदा ‘नाही’ येतं. ‘अंगदुखीवर काय घेतलं? मेडिकलवाल्याने काय दिलं? काढा, चूर्ण?’ असं विचारा, आणि रिकामी पाकिटं आणायला सांगा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ‘डॅप्सोन बंद केलं, प्रेडनिसोलोन दिलं, पेशंट सुधारला, म्हणून कारण डॅप्सोन.’ कुष्ठरोगात हा युक्तिवाद लंगडा आहे. याच पेशंटला टाइप १ लेप्रा रिॲक्शन येऊ शकते, टाइप २ मध्ये तर तापही येतो, आणि दोन्हींत प्रेडनिसोलोननेच उतार पडतो. म्हणजे उतार पडला यावरून दोन निदानांत फरक करता येत नाही. शिवाय लेप्रा रिॲक्शनमध्ये एमडीटी चालू ठेवायची असते, इथे डॅप्सोन कायमचं बंद करायचं असतं, तेव्हा हा प्रश्न रिव्ह्यूअर हमखास विचारणार.

फरक तपासणीतून दाखवावा लागतो. जुने चट्टे लाल होऊन सुजले होते का? नसा दुखऱ्या होत्या का? दुखऱ्या नवीन गाठी त्वचेवर उठल्या का? ‘नाही’ हे उत्तरही लिहावं लागतं. बऱ्याच आराखड्यांत फक्त सापडलेलं लिहितात, शोधून न सापडलेलं गाळतात. काविळीचंही तसंच. डॅप्सोनने थोडंफार हिमोलिसिस बहुतेकांना होतं, त्यामुळे नुसतं ‘बिलिरुबिन वाढलं’ लिहिण्यात अर्थ नाही. डायरेक्ट किती, इनडायरेक्ट किती, हिमोग्लोबिन किती उतरलं, रेटिक्युलोसाइट काउंट काय, हे शेजारी शेजारी ठेवा. रिफाम्पिसिनचा फ्लूसारखा त्रास डोसनंतर काही तासांत येतो. इथे चार दिवस गेले होते, हेही नोंदवा.

मग नारान्जो स्कोअर. १९८१ सालची ही दहा प्रश्नांची पट्टी सगळे लावतात, पण डिस्कशनमध्ये नुसतं ‘स्कोअर ७, प्रॉबेबल’ असं येतं. ७ कुठून आले ते दाखवा. आपल्या केसमध्ये: अशा रिॲक्शनची आधी निर्विवाद नोंद आहे, १. औषधानंतर सुरू झाली, २. बंद केल्यावर सुधारली, १. दुसरं कारण नाही, २. वस्तुनिष्ठ पुरावा, म्हणजे लिव्हरच्या तपासण्या, १. बाकीचे शून्य. बेरीज ७. ५ ते ८ म्हणजे प्रॉबेबल, ९ किंवा जास्त म्हणजे डेफिनिट.

सगळा डोलारा ‘दुसरं कारण नाही’ या २ गुणांवर उभा आहे. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई, डेंग्यू, स्क्रब टायफस, ब्लड कल्चर यांतलं काही केलंच नसेल, तर उत्तर ‘माहीत नाही’ आणि गुण शून्य. बेरीज ५ वर येते. पर्यायी कारण समोर उभंच असेल तर उणे १, बेरीज ४, म्हणजे नुसतं ‘पॉसिबल’. तपासण्या राहून गेल्या असतील तर तसं मर्यादांमध्ये लिहावं. तपासण्यांशिवाय २ गुण घेतलेले ओळखायला रिव्ह्यूअरला फार वेळ लागत नाही.

चौथ्या प्रश्नाचं, म्हणजे औषध पुन्हा दिल्यावर त्रास परत आला का याचं, शून्य सलत असतं. सलू द्या. या रिॲक्शनमध्ये डॅप्सोन पुन्हा देऊन बघणं जिवावर बेतू शकतं. ‘धोक्यामुळे रीचॅलेंज केलं नाही’ एवढं पुरे.

सुधारणेचा वेगही नीट लिहा. डॅप्सोनचं अर्धायुष्य साधारण ३० तासांचं आहे, त्यामुळे ते बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी ताप उतरला तर ते श्रेय स्टेरॉइडचं असण्याची शक्यता जास्त. स्टेरॉइड कमी करताना त्रास उलटतो, म्हणून एएलटी पूर्ण नॉर्मल होईपर्यंतचा फॉलोअप हवा. डिस्चार्जला संपणारा आराखडा अर्धाच.

‘भारतातील पहिली केस’ हे शीर्षक खोडा. डॅप्सोनची ही रिॲक्शन शंभरात एखाददुसऱ्याला होते आणि त्यावर बरंच छापून आलेलं आहे. एचएलए-बी*१३:०१ या जनुकाशी तिचा संबंध २०१३ सालीच दाखवला गेला. तुमच्या केसमधलं वेगळेपण शोधा. इथे ते लेप्रा रिॲक्शनशी झालेल्या गोंधळात आहे.

फोटोंबद्दल. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे ओळख लपली, असं मेडिकल जर्नलांचे संपादक मानत नाहीत. वय, तालुका, व्यवसाय आणि कुष्ठरोग एवढं एकत्र आलं की गावातला कोणीही माणूस ओळखतो. तालुका आणि व्यवसाय गाळा. ऑपरेशनच्या फॉर्मवरची संमती इथे चालत नाही, छापण्यासाठीची वेगळी संमती मराठीत समजावून, सही किंवा अंगठा घेऊन ठेवा, आणि ती पेशंट वॉर्डात असतानाच घ्या. घरी गेल्यावर फोन लागत नाही.

एक काम जर्नलच्या वाटेकडे न बघता करायचं: सस्पेक्टेड एडीआर फॉर्म भरून कॉलेजच्या एडीआर मॉनिटरिंग सेंटरला द्या. तिथून तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रामकडे जातो. त्याला ‘डेफिनिट’ असण्याची अट नाही, संशय पुरतो. सेंटर जवळ नसेल तर १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे.