फोटोवरून स्वरलिपीतले इटालियन शब्द समजून घेताना या चुका टाळा

वाद्य शिकायला लागल्यावर पहिल्या काही पानांतच स्टाफच्या वर-खाली इटालियन शब्द दिसू लागतात. फोनने पानाचा फोटो काढून भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये अर्थ बघणं सोयीचं आहे आणि त्यात गैर काही नाही. अडचण इतकीच की अ‍ॅप ते पान साध्या मजकुरासारखं वाचतं. पानावरचा प्रत्येक शब्द मात्र वादकाला दिलेली सूचना असतो: आवाज किती, लय किती, आणि ती सूचना कुठून कुठपर्यंत लागू. फोटोवरून शिकताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

'हळू' आणि 'जोरात' लिहून मोकळं होणं

मराठीतून शिकणाऱ्याची ही सर्वांत मोठी चूक आहे, म्हणून ती आधी. स्टाफखाली तिरपं p दिसलं, त्याचा अर्थ 'पियानो' असा मिळाला आणि पेन्सिलीने वर 'हळू' लिहिलं. आता 'हळू बोल' म्हणजे आवाज लहान कर, पण 'हळू चाल' म्हणजे वेग कमी कर. इटालियन 'पियानो'ही बोलण्यात दोन्ही अर्थांनी येतो, त्यामुळे अ‍ॅपकडूनही 'हळूहळू' किंवा 'सावकाश' असं उत्तर मिळू शकतं. नोटेशनमध्ये p चा संबंध फक्त आवाजाशी आहे. लय तसूभरही बदलायची नाही.

f म्हणजे 'फोर्टे'. तिथे 'जोरात' लिहिलं की उलटा घोटाळा होतो, कारण 'जोरात ओरड' आणि 'जोरात पळ' ही दोन्ही वाक्यं आपण सहज बोलतो. परिणाम ठरलेला: लहान आवाजाचा भाग रेंगाळतो आणि मोठ्या आवाजाचा भाग पळतो. 'मंद' या शब्दाचंही तसंच. dim. म्हणजे 'डिमिनुएंदो', आवाज कमी करत जाणं; पण 'मंद' वाचून हात लय कमी करतो.

यावर उपाय सोपा आहे. वहीत 'आवाज' आणि 'लय' असे दोन रकाने करा आणि प्रत्येक खूण त्यांपैकी एकात घाला. आवाजासाठी फक्त 'लहान' आणि 'मोठा', लयीसाठी फक्त 'संथ' आणि 'जलद' हे शब्द वापरा. cresc. म्हणजे 'क्रेशेंदो', आवाज वाढत जाणारा: पहिला रकाना. accel. म्हणजे 'अचेलेरांदो', लय वाढत जाणारी: दुसरा. नुसतं 'वाढवत' लिहिलं तर काय वाढवायचं हे आठवड्याने आठवत नाही. 'कालांदो'सारखे काही थोडे शब्द आवाज आणि लय दोन्ही उतरवायला सांगतात. ते दोन्ही रकान्यांत लिहा.

भाषा अ‍ॅपलाच ओळखू देणं

पानाचं शीर्षक इंग्रजीत असेल तर अ‍ॅप सगळंच पान इंग्रजी समजतं आणि मग गमतीशीर नव्हे, घातक अर्थ येतात. ten. म्हणजे 'तेनुतो', स्वर पूर्ण लांबीभर धरून ठेवा. इंग्रजी समजलं तर 'दहा'. come prima म्हणजे 'कोमे प्रीमा', आधीसारखं. इंग्रजीत पहिल्याच शब्दाचा अर्थ 'या' होतो. Fine हा शब्द 'फीने' असा वाचायचा, अर्थ 'समाप्त'. अ‍ॅप त्याला 'छान' किंवा 'दंड' म्हणू शकतं, आणि तुकडा कुठे संपवायचा हेच हातातून जातं.

म्हणून मूळ भाषा हाताने 'इटालियन' निवडा. तरीही काही शब्द तसेच राहिले तर ते फ्रेंच किंवा जर्मन असू शकतात, कारण त्या भाषांतल्या संगीतकारांनी आपापल्या भाषेतही सूचना लिहिल्या आहेत. उदाहरणार्थ, डाव्या हातासाठी इटालियनमध्ये m.s., तर फ्रेंचमध्ये m.g. छापतात.

इटालियन निवडल्यावरही रोजच्या भाषेतला अर्थ पुढे येतो, तो संगीताचा असेलच असं नाही. con moto म्हणजे 'थोड्या गतीने'. पण 'मोतो' म्हणजे आजच्या इटालियनमध्ये मोटारसायकलही. 'दोल्चे' म्हणजे गोड, मृदू वाजवणं. रोजच्या वापरात तो गोड पदार्थ. 'आलेग्रो'चा शब्दशः अर्थ 'आनंदी' असला तरी पानाच्या डोक्यावर तो लय सांगतो: जलद. दुःखी सुरावटीवरही आलेग्रो लिहिलेलं असतं, तेव्हा 'आनंदी' हा अर्थ धरून बसू नका.

संक्षेप तसेच भाषांतराला देणं

छापील पानावर पूर्ण शब्द क्वचितच असतो. rit. तसंच टाइप केलं तर अ‍ॅपला त्यातून काही कळत नाही. आधी पूर्ण रूप शोधा, मग अर्थ बघा. इथे एक खरी संदिग्धता आहे. rit. हे 'रितार्दांदो'चं रूप असू शकतं, म्हणजे लय हळूहळू उतरवणं. आणि 'रितेनूतो'चंही, म्हणजे लय तिथल्या तिथे रोखणं. पुढे तुटक रेष असेल किंवा खूण दोन-तीन बारांवर पसरलेली असेल तर पहिला अर्थ घ्या. riten. छापलं असेल तर दुसरा.

क्रेशेंदोची आणखी एक खोड आहे. बऱ्याच आवृत्त्यांत तो शब्द cre - scen - do असा तोडून कित्येक बारांवर पसरतात, म्हणजे आवाज तेवढ्या अंतरभर वाढत राहावा. अ‍ॅप हे तीन वेगळे शब्द समजतं, आणि शेवटच्या do चा अर्थ इटालियनमध्ये 'मी देतो' असा होतो. स्टाफखाली एकटं-दुकटं अक्षर दिसलं तर आधी मागचे-पुढचे चार बार तपासा.

शब्दांची जोडी तोडणं

'मोस्सो' म्हणजे गती असलेला, 'मेनो' म्हणजे कमी. meno mosso मधून फक्त 'मोस्सो' उचललं तर 'गतीने' हा नेमका उलटा अर्थ हाती येतो. खरी सूचना 'आधीपेक्षा संथ' अशी आहे. Allegro ma non troppo मध्ये 'मा नोन त्रोप्पो' म्हणजे 'पण फार नको'. ओळ संपल्यामुळे हे शब्द खालच्या ओळीवर गेले की फोटोत ते सुटे पडतात. एका ठशात, एका रेषेत छापलेले शब्द एकत्रच टाइप करा.

टिंब न दिसणारा फोटो

मेट्रोनोमच्या आकड्यात फोटोची चूक सर्वांत जास्त बोचते. 6/8 मध्ये टिंबवाला क्वार्टर नोट = 60 असेल तर एका बारात दोन ठोके, म्हणजे बार 2 सेकंदांचा. फोटोत ते टिंब पुसलं गेलं तर तोच बार 3 सेकंदांचा होतो आणि संपूर्ण तुकडा रेंगाळतो. एट्थ नोटची शेपटी दिसली नाही तर उलट होतं: एट्थ नोट = 120 हे क्वार्टर नोट = 120 वाटतं आणि लय दुप्पट होते.

पुस्तक पूर्ण उघडून सपाट दाबा, फोन पानाला समांतर धरा, उजेड बाजूने येऊ द्या आणि फ्लॅश बंद ठेवा, कारण चकचकीत कागदावर तो नेमका बारीक खुणा खातो. संपूर्ण पानाचा एक फोटो क्रमासाठी पुरेसा आहे, पण वाचायला दोन-दोन ओळींचे जवळून फोटो घ्या. शिवणीजवळ कागद वाकतो, तिथली अक्षरं दबतात. मोठं करून बघितल्यावर rit. च्या मागचं टिंब स्पष्ट दिसलं तरच फोटो चालेल. आणि भाषांतर चिकटवलेल्या फोटोवरून वाजवू नका. मराठी शब्दांच्या पट्ट्या स्वर, स्लर आणि बोटांचे आकडे झाकतात.

एक पान सोडवून बघू

समजा 3/4 मधला 24 बारांचा तुकडा आहे. वर Andante con moto, ♩ = 84. पहिल्या बारात p dolce. नवव्या बारापासून poco a poco cresc., पंधराव्यात f, सोळाव्याच्या शेवटी Fine. सतराव्यात Più mosso, एकविसाव्यात dim. e rit., तेविसाव्यात a tempo, आणि चोविसाव्याच्या शेवटी D.C. al Fine.

लयीच्या रकान्यात: बार 1 ला मध्यम, थोडी चालती लय, 84. बार 17 ला आधीपेक्षा जलद. आकडा दिलेला नाही, म्हणून 96 च्या आसपास धरून बघा. बार 21–22 मध्ये लय उतरते. बार 23 ला 'आ तेम्पो', म्हणजे उतरण्याआधीची लय. ती 84 नव्हे, 96 आहे. पहिल्या लयीवर परतायचं असतं तर Tempo I छापलं असतं. अ‍ॅपने इथे 'वेळेवर' असा अर्थ दिला तर त्यातून हा फरक कळत नाही.

आवाजाच्या रकान्यात: बार 1 लहान आणि मृदू, बार 9 पासून थोडा थोडा वाढत, बार 15 ला मोठा, बार 21 पासून लहान होत जाणारा. बार 21 मधला e हा इटालियन 'आणि' आहे, म्हणून तो बार दोन्ही रकान्यांत येतो.

D.C. म्हणजे 'दा कापो', अगदी सुरुवातीपासून. त्यामुळे 24 बार संपल्यावर पुन्हा 84 च्या लयीत बार 1 पासून 16 पर्यंत जायचं. एकूण 40 बार वाजतात आणि तुकडा सोळाव्या बारात मोठ्या आवाजावर संपतो. चोविसाव्यावर थांबलात तर Fine चा अर्थ हुकला.

आता तपासणी. पहिले 8 बार म्हणजे 24 ठोके. 84 च्या लयीत त्यांना सुमारे 17 सेकंद लागतात. मेट्रोनोम न लावता ते फोनवर रेकॉर्ड करा. 20 सेकंदांच्या वर गेलात तर p चं भाषांतर डोक्यात अजून 'हळू'च आहे. पानावरचं 'हळू' खोडून त्या जागी 'आवाज लहान' लिहा. नंतर बार 9 ते 16 रेकॉर्ड करा. लय तीच असल्याने त्यांनाही तेवढाच वेळ लागायला हवा, आणि ते 15 सेकंदांत उरकले तर क्रेशेंदोसोबत तुम्ही लयही वाढवली आहे. तेव्हा मेट्रोनोम 84 वर लावा, बार 9 ते 14 आधी एकाच आवाजात वाजवा, आणि ठोके जुळल्यावरच आवाज वाढवायला घ्या.