खिशातून लागलेला फोन आणि व्हॉइसमेलचा मजकूर: घाबरण्याआधी काय करायचं

आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. ऑक्टोबरातल्या एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना तिचा फोन येऊन गेला आणि पाठोपाठ व्हॉइसमेलचा मजकूर स्क्रीनवर उमटला: ‘हॅलो टॉम ____ अ गन ____ ____ बाय’. आमच्या ओळखीत टॉम नावाचं कोणी नाही. ‘गन’ हा शब्द वाचून माझे हातपाय गार पडले.

भारतात व्हॉइसमेल फारसा कोणी वापरत नाही, म्हणून आधी थोडं सांगते. इथे फोन उचलला नाही की समोरच्याला निरोप ठेवता येतो आणि फोन त्या निरोपाचा लेखी मजकूरही करून देतो. खिशातून किंवा पर्समधून चुकून फोन लागला तर निरोप म्हणून वारा, पावलं आणि कापडाची घसघस रेकॉर्ड होते, आणि फोन त्यातूनही शब्द शोधत बसतो.

मजकुरावर विसंबू नका, आवाज ऐका

मजकूर तयार करणारी यंत्रणा तिला ठाऊक असलेल्या भाषेतलेच शब्द शोधते. माझ्या फोनची भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे मराठी बोलणं कानावर पडलं तरी ती जवळात जवळचा इंग्रजी शब्द बसवते. जिथे काहीच बसत नाही तिथे आयफोन रेघ सोडतो. रेघ म्हणजे त्याला काही कळलं नाही, एवढं तरी नक्की असतं. घात करतात ते रेघांच्या मधले शब्द. ते बाकीच्या शब्दांइतकेच ठळक दिसतात, पण त्यांच्या आजूबाजूला सगळा गोंगाट असतो.

मी बाहेर जाऊन रेकॉर्डिंग ऐकलं. आई शेजारच्या काकूंना म्हणत होती, “हळू! थांब.” मग जरा वेळाने, “अगं बाई!” बस्स, इतकंच होतं. ‘हळू’चं हॅलो झालं, ‘थांब’चा टॉम झाला, ‘अगं’ची गन आणि ‘बाई’चं बाय. काकूंचं लक्ष नसताना कोपऱ्यावरून एक गाडी वळली होती, हे संध्याकाळी कळलं.

तुमच्या घरी मराठी बोलत असतील तर असा मजकूर आला की तो एकदा मोठ्याने वाचा आणि मराठी कानाने ऐका. निम्मा उलगडा तिथेच होतो. पण उलगडा झाला तरी आवाज ऐकल्याशिवाय राहू नका.

ऐकायचं कसं

हेडफोन लावा आणि सुरुवातीचे दहा सेकंद नीट ऐका. मुद्दाम फोन करणारा माणूस बीप होईपर्यंत थांबतो, मग तुमचं नाव घेऊन बोलायला लागतो. खिशातला निरोप मात्र कुठल्यातरी आवाजाच्या मध्यातूनच सुरू होतो. शेवटही तसाच. कोणी ‘ठेवते’ म्हणत नाही, रेकॉर्डिंगची मर्यादा संपली की आवाज तुटतो. आईचा निरोप जवळजवळ तीन मिनिटांचा होता. एवढा लांब आणि निरोपाचा एकही शब्द नसलेला मेसेज बहुतेक वेळा चुकूनच आलेला असतो.

मग पावलांकडे लक्ष द्या. आरामात चालणाऱ्या माणसाची पावलं सेकंदाला साधारण दोन पडतात, आणि प्रत्येक पावलाबरोबर कापड घासल्याचा आवाज येतो. ही लय एकसारखी असेल तर माणूस ठीक चालतो आहे. मधे शांतता आली की दचकायला होतं, पण बोलणं नाही असं वाटलं की फोन आवाज पाठवणं कमी करतो, म्हणून असे खड्डे पडतात. वाऱ्याचंही तसंच. फोनची यंत्रणा माणसाच्या आवाजासाठी घडवलेली असते. तिच्यातून गेलेला वारा कधी कधी कोणी कण्हत असल्यासारखा ऐकू येतो.

काळजी करायची ती लय मोडली तर. पावलं एकदम थांबली, धप्पकन आवाज आला आणि नंतर नुसता श्वास, किंवा कोणी तुमच्याशी किंवा मदतीसाठी बोलतंय असं स्पष्ट ऐकू आलं, तर पुढे ऐकत बसू नका.

आधी उलटा फोन

रेकॉर्डिंग साधं वाटलं तरी एकदा फोन करा आणि फक्त एवढंच विचारा, “आई, तुझा फोन लागला होता, ठीक आहेस ना?” मजकूर वाचून दाखवू नका, तीही उगीच घाबरेल. उचलला नाही तर दोन मिनिटांनी पुन्हा करा, मग तिच्याबरोबर असणाऱ्या माणसाला.

खरंच धोका वाटला तर अमेरिकेत 911. तिथे तुम्ही स्वतः काय ऐकलं ते सांगा. मजकुरात काय लिहिलंय ते सांगू नका. मी घाईत ‘गन’ म्हटलं असतं तर दोन वयस्कर बायकांसमोर पोलिस कुठल्या तयारीने आले असते, याचा विचार अजूनही मनातून जात नाही. माणूस दुसऱ्या शहरात असेल तर तो पत्ता पहिल्या वाक्यात सांगा, कारण तुमचा फोन तुमच्या भागातल्या केंद्राकडे जातो. माणूस भारतात असेल तर तिथल्या शेजाऱ्याला गाठा, तो 112 लावू शकतो.

किती ऐकायचं

आई सुखरूप आहे हे कळल्यावर उरलेलं रेकॉर्डिंग मी ऐकलं नाही. त्यात काकू त्यांच्या घरातलं काहीतरी सांगायला लागल्या होत्या.

यावर अमेरिकेत खटलाही झाला आहे. 2013 साली एका विमानतळ मंडळाच्या अध्यक्षांचा फोन इटलीत असताना खिशातून कार्यालयात लागला. तिथल्या सहकारी बाईंनी तो तब्बल 91 मिनिटं ऐकला आणि टिपणं काढली. 2015 मध्ये सहाव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांसाठीच्या संघीय अपील न्यायालयाने म्हटलं की, असे फोन लागतात हे ठाऊक असून काळजी न घेणाऱ्या अध्यक्षांना खासगीपणाचा दावा करता येणार नाही. मात्र हॉटेलच्या खोलीत त्यांच्याशी बोलणाऱ्या पत्नीचा दावा न्यायालयाने असा फेटाळला नाही. फोन तिने लावला नव्हता. आमच्या काकूंचंही तेच होतं. म्हणून असं रेकॉर्डिंग घरच्या ग्रुपवर टाकू नका, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

पुसायचं तर पूर्ण पुसा. आयफोनवर खोडलेला निरोप आधी Deleted Messages मध्ये जातो. तिथे Clear All करावं लागतं. गूगल व्हॉइस वापरत असाल आणि निरोप ईमेलवरही येत असतील तर तिथली प्रत वेगळी खोडा. मात्र धोक्याची शंका असेल, पोलिसांशी बोलणं झालं असेल, तर काहीच खोडू नका. शेअरच्या चिन्हावरून ती ध्वनिफीत Save to Files करून ठेवा.

फोन लागला कसा, ते शोधा

आईचा फोन लॉक होता, तरी लागला. सकाळी मी तिला केलेला फोन तिने उचलला नव्हता आणि तो मिस्ड कॉल लॉक स्क्रीनवर तसाच होता. स्वेटरच्या खिशात काहीतरी त्यावर टेकलं आणि फोन उलटा मलाच लागला. आयफोनवर Settings मध्ये Face ID & Passcode उघडा, खाली Allow Access When Locked मध्ये Return Missed Calls आहे, ते बंद करा. Accessibility मधल्या Touch खाली Tap to Wake आहे, तेही बंद करा. सॅमसंगवर Display मध्ये Accidental touch protection असतं, ते चालू करा.

आईच्या फोनवर हे मी त्याच रात्री केलं. मिस्ड कॉल दिसला की लगेच पुसायचा, हेही तिला दाखवलं. ती मार्चमध्ये परत गेली; तोवर असा निरोप पुन्हा आला नाही.