800 ताटांच्या लग्नाचा दर काढताना या चुका टाळा

केटरिंगमध्ये पैसा बुडतो तो बहुतेक वेळा दर सांगतानाच. त्यातही बेरीज सहसा बरोबर असते, चुकतो तो भागाकार. कोणत्या खर्चाला किती ताटांनी भागायचं हे ठरलेलं नसलं, तर 50 ताटांच्या बारशात न दिसणारा फरक 800 ताटांच्या लग्नात हजारोंच्या घरात जातो.

उदाहरण घेऊ. केटररचं गोदाम हडपसरला, लग्न सासवडच्या कार्यालयात, दुपारचं जेवण, बुफे. बेत असा: मसालेभात, वरण-भात, बटाट्याची भाजी, फ्लॉवर-मटार, पुरी, जिलेबी, मठ्ठा, कोशिंबीर, भजी, पापड. खालचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुमच्या बाजाराचे दर घालून तोच हिशेब करा.

घाईत काढलेला दर बहुधा असा असतो. कच्चा माल, पाणी आणि द्रोण मिळून ताटाला 140 रुपये, म्हणजे 1,12,000. माणसं 45,800, गाड्या 10,000, गॅस 9,000. एकूण 1,76,800, म्हणजे ताटाला 221. त्यावर 25 टक्के चढवले की 276, आणि यजमानांना सांगितला जातो 275 रुपये. हेच काम नीट मांडलं तर नुसता खर्चच ताटाला 308 रुपये 50 पैसे येतो. हा फरक कुठून आला ते पाहू.

चूक 1: शिजवायची ताटं आणि बिलाची ताटं एकच धरणं

बिल 800 ताटांचं होतं, पण स्वयंपाक 800 चा करून भागत नाही. तुमची स्वतःची 47 माणसं तिथेच जेवतात, शिवाय एखाद-दोन ड्रायव्हर. ही झाली साधारण 50 ताटं. ऐनवेळी पाहुणे वाढले तर अन्न कमी पडू नये म्हणून 5 टक्के, म्हणजे 40 ताटं जास्त धरावी लागतात. शिजतात 890. माल 140 च्या दराने 1,24,600 चा लागतो आणि तो 800 बिलाच्या ताटांवर वाटला की ताटाला 155 रुपये 75 पैसे पडतात. घाईच्या हिशेबात हे जवळपास 16 रुपये नव्हतेच.

बँडवाले, मंडपवाले, फोटोग्राफर हे मात्र यजमानांच्या खात्यात. ते जेवायचे असतील तर त्यांची ताटं बिलात येतील हे बोलणीच्या वेळीच सांगा. जेवणं झाल्यावर हा विषय काढला की वादच होतो.

ही 5 टक्के वाढ सगळ्या पदार्थांना सारखी लावू नका. वाढ भात, बटाट्याची भाजी आणि वरण यांत ठेवा. हे पदार्थ पोट भरतात, स्वस्त पडतात आणि लवकर होतात.

चूक 2: माणसांची एकच हजेरी धरणं

या कामाला मुख्य आचारी, चार सहायक, चिरण्या-लाटण्याला आठ बायका, 26 वाढपी, भांड्यांना सहा जणी आणि दोन सुपरवायझर, अशी 47 माणसं लागतात. एका दिवसाचे त्यांचे 45,800 होतात आणि दर काढणारे बरेच जण या आकड्यावरच थांबतात.

पण साडेबाराचा मुहूर्त असेल तर स्वयंपाकघर आदल्या संध्याकाळीच चालू होतं. भाजी निवडणं-चिरणं, डाळ भिजवणं, जिलेबीचं पीठ आंबवणं रात्रीच करावं लागतं. आचारी मक्त्याने ठरलेला असेल तर त्याचे पैसे वाढत नाहीत. चार सहायकांची आणि आठ बायकांची मात्र दुसरी हजेरी लागते, तिचे 12,800. भांडीवाल्या जेवणं आटोपल्यावरही दोन-तीन तास अडकतात, त्यांची अर्धी हजेरी 2,100. खरा आकडा 60,700. म्हणजे ताटामागे साडेअठरा रुपये सुटले होते.

म्हणून माणसं मोजताना डोकी लिहू नका, हजेऱ्या लिहा. प्रत्येकाच्या नावापुढे येण्याची आणि परत गोदामावर पोचण्याची वेळ टाका, म्हणजे दीड हजेरी कुठे पडते ते आपोआप दिसतं.

चूक 3: गाडीची एकच फेरी मोजणं

टेम्पो आदल्या संध्याकाळी भांडी आणि किराणा घेऊन दिवे घाट चढतो, खाली होतो आणि रिकामा परततो. दुसऱ्या दिवशी रिकामा जातो, भांडी भरून आणतो. हे दोन फेऱ्यांचं भाडं झालं, 6,000. घाईत धरली जाते ती एक फेरी, 3,000. माणसांची गाडी 7,000 ला सगळे धरतात. राहते ती सकाळची छोटी गाडी, दही, दूध आणि ताज्या कोथिंबिरीसाठीची, 2,000. आणि हमाली दोन्ही टोकांना, चढवायची आणि उतरवायची, 2,500. बेरीज 17,500.

अंतर थोडं असलं म्हणून वाहतूक स्वस्त पडेलच असं नाही. कार्यालयाच्या दारापर्यंत टेम्पो जात नसेल, स्वयंपाकघर मागच्या बाजूला असेल किंवा जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर असेल, तर हमाली वाढते. दर देण्याआधी जागा पाहून या, आणि पाणी नळाचं आहे की टँकर मागवावा लागेल हेही तेव्हाच विचारा.

भाड्याची भांडी आणि काउंटर 14,000, हरवलेले चमचे आणि फुटतूट 2,000, कचरा उचलणं आणि जादा पाणी 3,000 हे खर्चही वेगळे मिळवा. भांडी स्वतःची असली तरी त्यांचं भाडं हिशेबात धरा. कल्हई, दुरुस्ती आणि पुढची खरेदी यातूनच होणार असते.

चूक 4: वाया जाणाऱ्या मालाला एकच टक्केवारी लावणं

‘नासाडी 10 टक्के’ असं एका ओळीत लिहून मोकळं होणं सोपं असतं, पण नासाडी एका जातीची नसते. पहिली निवडताना होते. शेंगांचा मटार 40 रुपये किलोने आणला आणि किलोतून साडेचारशे ग्रॅम दाणे निघाले, तर दाण्यांचा भाव 89 रुपये पडला. फ्लॉवरचा पाला-दांडा, कोथिंबिरीच्या काड्या यांचंही तसंच. ताटाचा 140 चा आकडा काढताना भाव निवडलेल्या मालाचा धरा. त्यासाठी चिरण्याच्या जागी वजनकाटा ठेवा आणि प्रत्येक भाजी निवडण्याआधी आणि नंतर तोला. चार कामांत तुमचे स्वतःचे आकडे तयार होतात. ऋतूप्रमाणे ते बदलतात, म्हणून अधूनमधून पुन्हा तोलावं लागतं.

दुसरी नासाडी तेलाची. पुरी-भज्यांच्या हिशेबात लोक पदार्थाने प्यायलेलं तेल धरतात, पण कढई शेवटच्या पुरीपर्यंत भरलेलीच लागते. तळाशी उरलेलं तेल पुढच्या कामात मोजून चालत नाही. अन्नसुरक्षा नियमांनुसार, तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी एकूण ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते तळणीला वापरता येत नाही. कढईभर तेल त्या कामाच्या खर्चातच घाला.

तिसरी म्हणजे शिजून उरलेलं अन्न. इथे पैसे सर्वांत जास्त जातात आणि वाचवताही इथेच येतात. सगळा भात साडेअकराला तयार ठेवायची गरज नाही. मसालेभाताचे शेवटचे दोन टोप अडवून ठेवा. तांदूळ धुऊन निथळत, मसाला परतलेला, आधण उकळतं. हॉल अर्धा जेवून झाला की सुपरवायझरने वापरलेली ताटं पाहून ते चढवायचे की नाही ते सांगायचं. पुरीची कणीकही टप्प्याने मळा. न मळलेलं पीठ परत आणता येतं, मळलेलं नाही. ताटात टाकलेलं उष्टं मात्र तुमच्या हातात फारसं नसतं. पहिला वाढा लहान ठेवणं एवढंच करता येतं.

चूक 5: ताटं कमी झाली तरी दर तोच ठेवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. माल 1,24,600. गॅस, माणसं, गाड्या, भांडी, कचरा मिळून 1,06,200. गोदामाचं भाडं, परवाने, हप्ते यांतला या कामाचा वाटा 16,000. एकूण 2,46,800, भागिले 800, म्हणजे 308.50. विक्रीवर 15 टक्के नफा हवा असेल तर याला 0.85 ने भागा. 363 येतात, सांगताना 365 सांगा. खर्चावर 15 टक्के चढवले तर 355 येतात आणि हातात 13 टक्केच राहतात.

आता 365 चा दर ठरला आणि आठवडा आधी निरोप आला, ‘सहाशेच धरा.’ माल 680 ताटांचा आणला, तो 95,200. बाकीचे 1,22,200 जवळजवळ हलत नाहीत. माणसं सांगून झालेली, गाड्या तेवढ्याच. खर्च 2,17,400, बिल 2,19,000. दोन दिवस राबून उरले 1,600. हाच निरोप लग्नाच्या सकाळी आला तर स्वयंपाक 890 चा झालेला असतो आणि 27,800 खिशातून जातात.

उपाय म्हणजे तीन दर लिहून देणं. 800 किंवा जास्त ताटं असतील तर 365. 700 असतील तर 390. 600 असतील तर 426. मधल्या आकड्यांचा दर कसा धरायचा तेही लिहा. किमान ताटांचा आकडा पाच दिवस आधी पक्का करायचा, त्यानंतर कमी झाल्यास पक्क्या आकड्याचंच बिल. दर कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे तेही टाका. व्यावसायिक सिलिंडरचा भाव साधारणपणे दर महिन्याच्या 1 तारखेला बदलतो आणि लग्न सहा महिन्यांनी असतं. जीएसटी वेगळा लिहा. साधारण बाहेरच्या केटरिंगवर तो 5 टक्के आहे आणि इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे खरेदीवर भरलेला कर तुमच्या खर्चातच राहतो.

बिलावरून वाद आणि हिशेबातली तूट

ताटं मांडण्याआधी यजमानांचा एक माणूस आणि तुमचा सुपरवायझर यांनी एकत्र मोजून सही करावी. वापरलेली ताटं वेगळ्या क्रेटमध्ये जावीत आणि मोजणी होईपर्यंत धुऊन काउंटरवर परत येऊ नयेत. ती परत आली की आकडा कायमचा हरवतो.

काम उरकल्यावर दुसऱ्याच दिवशी तीन आकडे शेजारी मांडा: किती ताटांचा माल आणला, किती शिजलं, किती ताटं वापरली गेली. ताटं ठरल्याइतकी लागली आणि तरीही अन्न टोपांनी उरलं, तर आचाऱ्याचं माणशी प्रमाण जास्त आहे. अन्न उरलं नाही, ताटंही जास्त लागली नाहीत, पण माल अंदाजापेक्षा जास्त संपला, तर निवडण्यातली घट किंवा तोल तपासा. पुरवठादाराकडून माल उतरवताना पोती तोलून घेतली होती का, हे आधी विचारा. आणि माल बरोबर निघूनही पैसे कमी पडले असतील तर हजेरीची वही उघडा. तूट बहुधा आदल्या रात्रीच्या पानावर सापडते.