एक घर उजवीकडे: आयनायझेशन एन्थाल्पीच्या अपवादात मी कशी अडकले

करमाळ्याहून पुण्यात येऊन रिपीटचं वर्ष करत होते, तेव्हाची गोष्ट. टेस्ट सिरीजच्या एका पेपरात प्रश्न होता: कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरिन यांचा दुसऱ्या आयनायझेशन एन्थाल्पीचा उतरता क्रम लावा. मी वीस सेकंदांत F > N > O > C वर टिक केली. "नायट्रोजन ऑक्सिजनच्या वर" हा अपवाद तर पाठच होता. बरोबर उत्तर होतं O > F > N > C. जेईईच्या पद्धतीचा पेपर, त्यामुळे चार गुण हातचे गेले आणि एक वरून कापला गेला. खरं दुःख गुणांचं नव्हतं. तो धडा मी तीनदा वाचलेला होता आणि तरी प्रश्नातला "दुसऱ्या" हा शब्द मला दिसूनही कळला नव्हता.

मूळ क्रम तुम्हाला माहीत आहे. आवर्तात उजवीकडे जाताना केंद्रकाचा प्रभार वाढतो, कवच तेच राहतं, ओढ वाढते, इलेक्ट्रॉन काढणं अवघड होतं. गणात खाली जाताना उलट. त्यावर वेळ घालवू नका.

दुसऱ्या आवर्तातले पहिल्या आयनायझेशनचे आकडे किलोज्यूल प्रति मोलमध्ये असे आहेत: लिथिअम 520, बेरिलिअम 899, बोरॉन 801, कार्बन 1086, नायट्रोजन 1402, ऑक्सिजन 1314, फ्लुओरिन 1681, निऑन 2080. चढत्या वाटेवर दोन ठिकाणी पाय घसरतो, बोरॉनला आणि ऑक्सिजनला. आकडे पाठ करायची गरज नाही, घसरण कुठे आहे एवढं डोळ्यांसमोर हवं.

दोन्ही घसरणींची कारणं वेगळी आहेत आणि इथे फार जण गोंधळ करतात. बोरॉनचा जाणारा इलेक्ट्रॉन 2p मधला असतो. तो 2s पेक्षा वरच्या ऊर्जेला असतो, शिवाय आतले 2s चे दोन इलेक्ट्रॉन त्याच्यावर थोडं शिल्डिंग करतात, म्हणून तो बेरिलिअमच्या 2s मधल्या इलेक्ट्रॉनपेक्षा सहज सुटतो. ऑक्सिजनचं तसं नाही. त्याचा इलेक्ट्रॉन नायट्रोजनसारखाच 2p मधला, पण 2p⁴ मध्ये एका ऑर्बिटलमध्ये दोघं एकत्र बसतात आणि एकमेकांना रेटतात. नायट्रोजनच्या 2p³ मध्ये तिघं तीन वेगळ्या खोल्यांत असतात. म्हणून ऑक्सिजनमधला एक जण तुलनेने लवकर बाहेर पडतो. "अर्धं भरलेलं स्थिर असतं" एवढंच लिहून ठेवलं की डोकं तिथेच थांबतं. माझं थांबलं होतं.

आता सापळा. दुसरा इलेक्ट्रॉन अणूतून निघत नाही, एकदा आयन झालेल्या कणातून निघतो. मग बघायचं काय? तर त्या आयनची रचना. O⁺ म्हणजे 2s² 2p³, हुबेहूब नायट्रोजनची मांडणी. F⁺ म्हणजे 2s² 2p⁴, म्हणजे ऑक्सिजनची. पहिल्या वेळी नायट्रोजनला मिळणारा मान दुसऱ्या वेळी ऑक्सिजनला मिळतो आणि घसरण फ्लुओरिनकडे सरकते. तसंच B⁺ बेरिलिअमसारखा आणि C⁺ बोरॉनसारखा, म्हणून दुसऱ्या वेळी बोरॉन कार्बनच्या वर. प्रत्यक्ष आकडे: बोरॉन 2427, कार्बन 2353, नायट्रोजन 2856, ऑक्सिजन 3388, फ्लुओरिन 3374.

मला हे समजलं ते अभ्यासिकेत समोरच्या टेबलावर बसणाऱ्या एका ताईमुळे. तिने ग्राफ पेपरवर पहिल्या आयनायझेशनची रेघ काढली, वर बटर पेपर ठेवून तीच रेघ गिरवली आणि बटर पेपर एक घर उजवीकडे सरकवला. नायट्रोजनवरचं टोक ऑक्सिजनवर येऊन बसलं, बेरिलिअमवरचं बोरॉनवर. "आकडे मोठे होतील, आकार हाच राहील," एवढंच ती म्हणाली. पाच मिनिटांचं काम. अप्पा बळवंत चौकातून आणलेले रंगीत तक्ते मी भिंतीवर चिकटवले होते, त्यातल्या एकावरही हे नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे: अपवादांची यादी देणारा तक्ता विकत घेऊ नका, हा ग्राफ एकदा स्वतःच्या हाताने काढा. आणि "याचं कारण विचारू नका, फक्त लक्षात ठेवा" असं सांगणाऱ्या शिक्षकाचं इनऑरगॅनिक डोळे झाकून लिहून घेऊ नका.

लिथिअमचं मात्र वेगळं लक्षात ठेवा. Li⁺ मध्ये उरतं फक्त 1s², हेलिअमसारखं बंद कवच. त्याचं दुसरं आयनायझेशन 7298, पूर्ण आवर्तात सर्वांत वर, निऑनच्या 3952 पेक्षाही. आणि बेरिलिअम 1757 वर सर्वांत खाली, कारण Be⁺ लिथिअमसारखा. पर्यायांत लिथिअम आणि "दुसरं" हे दोन्ही दिसले की आधी त्यालाच टोकाला बसवा, निम्मे पर्याय तिथेच गळतात.

घाबरू नका, एवढं कळलं की ऐंशी टक्के काम झालं, असं मी तेव्हा समजले आणि पुन्हा आपटले. सरकवण्याची युक्ती मर्यादेपर्यंतच चालते. पहिल्या वेळी नायट्रोजन आणि ऑक्सिजनमधला फरक 88 आहे, दुसऱ्या वेळी ऑक्सिजन आणि फ्लुओरिनमधला जेमतेम 14. तिसऱ्या वेळी युक्तीप्रमाणे फ्लुओरिन निऑनच्या वर यायला हवा, पण फ्लुओरिन 6050 आणि निऑन 6122. केंद्रकाची ओढ इतकी वाढते की जोडीतल्या रेट्याचा परिणाम झाकला जातो. बोरॉनसारखी 2s–2p ची घसरण मात्र तिसऱ्या वेळीही टिकते: कार्बन 4620, नायट्रोजन 4578.

गणात खाली उतरतानाही हेच होतं. फॉस्फरस 1012, सल्फर 1000, फरक फक्त 12. आर्सेनिक 947, सेलेनिअम 941, फरक 6. त्याखाली अँटिमनी 834 आणि टेल्युरिअम 869, म्हणजे अपवादच उरला नाही. ऑर्बिटल मोठं झालं की जोडीतले दोघं एकमेकांना तितके रेटत नाहीत. "पंधरावा गण सोळाव्याच्या वर" असं सरसकट लिहिलं असेल तर ती ओळ आजच खोडा.

हाच विचार d-ब्लॉकमध्ये जसाच्या तसा लागतो. क्रोमिअमची रचना 3d⁵ 4s¹, एक इलेक्ट्रॉन गेला की 3d⁵ उरतं. मँगनीजची 3d⁵ 4s², एक गेल्यावर 4s मध्ये एक जण अजून सुटायला मोकळा असतो. म्हणून पहिल्या वेळी मँगनीज वर, 717 विरुद्ध 653, आणि दुसऱ्या वेळी क्रोमिअम वर, 1592 विरुद्ध 1509. कॉपर आणि झिंकचं उत्तर आता तुम्हीच काढा: Cu⁺ आणि Zn⁺ यांची रचना वहीत लिहा, मग ताडून बघा. दुसऱ्या वेळी कॉपर 1958, झिंक 1733.