पासपोर्टचं स्टेटस "पोलीस व्हेरिफिकेशन पेंडिंग" दाखवतंय? आधी फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते शोधा

पासपोर्ट सेवा केंद्रातलं, म्हणजे पीएसकेमधलं काम झालं, ए, बी, सी तिन्ही काउंटर पार पडले, आणि त्यानंतर रोज साइट उघडली की तेच, पोलीस व्हेरिफिकेशन पेंडिंग. आता काय करायचं, नुसतं थांबायचं की पोलीस स्टेशनला जायचं, की पासपोर्ट ऑफिसला फोन करायचा, हे कोणी नीट सांगत नाही. आणि तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, कारण फाइल कुठे आहे त्यावर ते ठरतं.

स्क्रीनवर ओळ एकच दिसत असली तरी मागे फाइल तीन ठिकाणी फिरते. पासपोर्ट ऑफिस म्हणजे आरपीओ ती ऑनलाइन पोलिसांकडे पाठवतं, शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात असाल तर एसपी ऑफिसला. तिथून ती तुमच्या पोलीस स्टेशनला उतरते, तिथे चौकशी होते, रिपोर्ट लिहिला जातो, आणि त्याच रस्त्याने परत वर जाऊन आरपीओला पोचतो. हा सगळा प्रवास संपेपर्यंत तुम्हाला मात्र पेंडिंगच दिसत राहतं, म्हणजे फाइल अजून उतरलीच नसेल तरी पेंडिंग आणि हवालदारांनी रिपोर्ट लिहून वर पाठवला असेल तरी पेंडिंग.

पहिलं काम, पीएसकेमधून मिळालेली पावती काढा

शेवटच्या काउंटरनंतर जे पत्र हातात देतात त्यावर फाइल नंबर असतो आणि व्हेरिफिकेशन कोणत्या प्रकारचं आहे तेही असतं. प्री म्हणजे आधी पोलीस रिपोर्ट, मग पासपोर्ट. पोस्ट म्हणजे पासपोर्ट आधी छापून येतो, चौकशी नंतर होते. हे सी काउंटरवरचे अधिकारी ठरवतात. रिन्यूअलला बऱ्याचदा व्हेरिफिकेशनच लागत नाही, पण पहिल्यांदा पासपोर्ट काढत असाल तर प्री यायची शक्यता जास्त.

पोस्ट असेल तर पासपोर्ट हातात आला म्हणून पोलिसांचा फोन टाळू नका. रिपोर्ट वाईट गेला तर पासपोर्ट ऑफिस नोटीस काढून तो परत मागू शकतं, कायद्यात तशी तरतूद आहे. इथून पुढे मी प्रीबद्दलच लिहितोय, कारण लोक खरे अडकतात ते तिथेच.

स्टेटस वाचताना तारीख आणि ऑफिसचं नाव बघा

passportindia.gov.in वर Track Application Status मध्ये १५ अक्षरांचा फाइल नंबर आणि जन्मतारीख टाका. फक्त pending शब्द वाचून टॅब बंद करू नका, व्हेरिफिकेशन कोणत्या तारखेला सुरू झालं आणि कोणत्या पोलीस ऑफिसकडे गेलं हे त्याच मेसेजमध्ये येतं. स्क्रीनशॉट काढून ठेवा. पोलिसांनी रिपोर्ट २१ दिवसांत पाठवावा अशी पासपोर्ट खात्याची अपेक्षा असते आणि हे दिवस त्या तारखेपासून मोजायचे, तुम्ही पीएसकेला गेलात त्या दिवसापासून नाही.

पहिला आठवडा खरंच काही करायची गरज नसते, फक्त अनोळखी नंबरचे फोन उचला. हे छोटं वाटतं पण निम्मा घोळ इथेच होतो. पोलीस स्टेशनमधून फोन बऱ्याचदा त्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून येतो, आपण स्पॅम समजून कट करतो, आणि तिकडे अर्जदाराशी संपर्क झाला नाही अशी नोंद पडायला फार वेळ लागत नाही.

आठ-दहा दिवसांत फोन नाही आला तर स्वतः जा

जायचं ते सध्याचा पत्ता ज्या हद्दीत येतो त्या पोलीस स्टेशनला, गावच्या कायमच्या पत्त्याच्या नाही. ठाणे अंमलदारांना विचारा की पासपोर्टचं काम कोण बघतं. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हे काम गोपनीय शाखेकडे असतं, आणि ती व्यक्ती कधी भेटेल ते आधी विचारून घेतलेलं बरं, कारण बंदोबस्त लागला की ते लोकही बंदोबस्तावर असतात. भेटल्यावर फाइल नंबर दाखवून एकच प्रश्न विचारा, माझा अर्ज तुमच्याकडे आलाय का?

उत्तर "आला नाही" असेल तर तिथे रोज चकरा मारून काही होणार नाही. मग आयुक्तालयात विशेष शाखेचा पासपोर्ट विभाग किंवा जिल्ह्यात एसपी ऑफिसची जिल्हा विशेष शाखा गाठायची आणि अर्ज कोणत्या स्टेशनला पाठवलाय ते विचारायचं. शहरात हद्दी बदलतात, नवीन पोलीस स्टेशनं होतात, त्यामुळे अर्ज शेजारच्या स्टेशनला गेलाय असं निघतं कधीकधी. उत्तर "आलाय, बाकी आहे" असेल तर कागद तिथेच द्या किंवा तारीख ठरवून घ्या. आणि "आम्ही पाठवला" असं उत्तर आलं तर कोणत्या तारखेला पाठवला ते लिहून घ्या, कारण पुढे आरपीओमध्ये बोलताना ही तारीख लागते.

कागद काय न्यायचे

पीएसकेला दाखवलेले सगळे ओरिजिनल आणि त्यांचे दोन झेरॉक्स सेट, पासपोर्ट साइजचे फोटो, पीएसकेचं पत्र, आणि तुम्हाला ओळखणारे परिसरातले दोन जण. फॉर्ममध्ये दोन ओळखीच्या लोकांची नावं आणि नंबर आपण भरतो ना, तेच असले तर उत्तम, नाहीतर निदान त्यांना सांगून ठेवा की पोलिसांचा फोन येईल. काही ठिकाणी पोलीस घरी येतात, काही ठिकाणी स्टेशनला बोलावतात, दोन्ही चालतं. २०१८ मध्ये चौकशीचे प्रश्न कमी केले गेले आणि मुख्य भर दोन गोष्टींवर आला, नागरिकत्व आणि गुन्ह्यांची पार्श्वभूमी. तरी तुम्ही दिलेल्या पत्त्यावर सापडला नाहीत तर रिपोर्ट अडकतोच.

भाड्याने राहत असाल तर रजिस्टर्ड करार न्या, नुसता स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेला नको. घरमालकाने भाडेकरू पडताळणी केली असेल तर तीही पावती सोबत ठेवा.

आणि पैसे. या चौकशीसाठी अर्जदाराने पोलिसांना एक रुपयाही द्यायचा नसतो. वेळेत पाठवलेल्या रिपोर्टमागे परराष्ट्र मंत्रालय पोलीस खात्याला १५० रुपये देतं. कोणी चहापाणी मागितलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर आहे, तिथे तक्रार करता येते. तसंच व्हेरिफिकेशनसाठी पेमेंटची लिंक किंवा ओटीपी मागणारा फोन आला तर तो फसवणुकीचाच.

एक केस धरून बघू

समजा एक मुलगी, मूळची साताऱ्याची, पुण्यात भाड्याने राहते. फॉर्ममध्ये सध्याचा पत्ता पुण्याचा. २ जूनला पीएसके झालं, ५ जूनला व्हेरिफिकेशन सुरू. १० जूनला तिने फ्लॅट बदलला, त्याच शहरात पण दुसऱ्या हद्दीत, आणि पासपोर्टचं तिच्या डोक्यातच आलं नाही. १४ जूनला पोलीस जुन्या पत्त्यावर गेले, कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं की सोडून गेली. २६ जूनला स्टेटस बदललं, रिपोर्ट क्लिअर नाही.

इथे घाबरून नवीन अर्ज भरणारे खूप असतात, तसं करू नका, पहिली फाइल उघडीच असते आणि दोन अर्जांचा गुंता वाढतो. जुन्या स्टेशनला जाऊन विनवण्या करण्यातही अर्थ नाही, कारण रिपोर्ट वर गेलाय आणि तो चुकीचा पण नाहीये, ती तिथे राहत नव्हतीच. आता गोष्ट आरपीओच्या हातात. तिने साइटवरून आरपीओची एन्क्वायरी अपॉइंटमेंट घ्यायची, नवीन पत्त्याचा रजिस्टर्ड करार किंवा दुसरा मान्य पुरावा, पीएसकेचं पत्र आणि एक साधा अर्ज न्यायचा, की अमुक तारखेला पत्ता बदलला, तो फाइलमध्ये घ्यावा आणि नवीन पत्त्यावर पुन्हा व्हेरिफिकेशन पाठवावं. ते परत पाठवलं की स्टेटसमध्ये नवीन तारीख दिसते आणि दिवस तिथून मोजायचे. तिने फ्लॅट बदलायच्या आधीच हे आरपीओला कळवलं असतं तर एक अख्खी फेरी वाचली असती.

घर तेच आहे पण कुलूप बघून पोलीस परत गेले, असं असेल तरी रस्ता हाच, फक्त पत्त्याऐवजी तुम्ही तिथेच राहता याचे पुरावे न्यायचे. २१ दिवस उलटून गेलेत, पोलीस म्हणतात रिपोर्ट पाठवला आणि साइटवर अजून पेंडिंग, अशा वेळी लिहून ठेवलेली ती तारीख घेऊन १८००-२५८-१८०० वर फोन करा किंवा पोर्टलवर ग्रिव्हन्स टाका.

कोर्टात केस असेल तर

हा प्रकार वेगळा आहे. फॉर्ममध्ये केस लपवली आणि पोलीस रिपोर्टमध्ये ती निघाली तर केसपेक्षा लपवणं महागात पडतं, खोटी माहिती देणं हा पासपोर्ट कायदा १९६७ प्रमाणे गुन्हा आहे. फौजदारी केस कोर्टात चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, पण दार पूर्ण बंद नसतं. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्या कोर्टाची परदेशी जायची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो, आणि कोर्टाने मुदत सांगितली नसेल तर तो साधारण एका वर्षाचा निघतो. नुसती एफआयआर आहे आणि कोर्टाने अजून दखल घेतलेली नाही, तर ती चालू केस धरली जात नाही, पण हे कागदाने दाखवावं लागतं. अशा वेळी आरपीओचं पत्र आलं की त्यातल्या मुदतीत वकिलाकडून लेखी उत्तर द्या, गप्प बसू नका.

रिपोर्ट क्लिअर झाल्यावर

क्लिअर आला की फाइल आरपीओच्या रिव्ह्यूमध्ये जाते, मग ग्रांट, छपाई आणि स्पीड पोस्ट. लिफाफा फॉर्ममधल्या पत्त्यावर येतो, पोस्टमन ओळखपत्र बघून देतात, आणि तुम्ही सापडला नाहीत तर तो आरपीओला परत जातो. म्हणून छपाई झाल्याचा मेसेज आला की स्पीड पोस्टचा नंबर घेऊन ट्रॅक करा, आणि दिवसभर ऑफिसला असाल तर तुमच्या भागातल्या पोस्ट ऑफिसमध्ये आधीच जाऊन सांगून ठेवा.